पाडव्याचा विमा

मार्केट यार्डातल्या आमच्या गाळ्यात मिरचीची पोती असतात. मामंजी गादीवर बसतात आणि मी फोनवर. नवरा हिंजवडीला संगणकासमोर बसतो, कारण त्याला मिरचीने शिंका येतात. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासऱ्यांनी धंद्याचा निम्मा भार माझ्यावर टाकला. मी चिडकी आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, पण तोपर्यंत उशीर झाला होता.

त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं. मालाच्या तारणावर मिळणाऱ्या आमच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा दर वर्षी एकतीस मार्चला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. गाळ्यातला माल बँकेकडे नजरगहाण असतो, म्हणजे माल आमच्याच ताब्यात, विकायचाही आम्हीच, पण हक्क बँकेचा. पत्रात लिहिलं होतं, ‘नूतनीकरणापूर्वी नजरगहाण मालाच्या चालू विम्याचा पुरावा सादर करावा.’

‘पुरावा’ या शब्दावरच माझं डोकं फिरलं. पंचवीस वर्षांचं खातं, एक दिवस व्याज थकलेलं नाही, आणि हे पुरावा मागतात. मी कपाट उघडलं. लक्ष्मीच्या तसबिरीखाली, हळदकुंकू लागलेली पॉलिसी होती. प्रीमियम भरलेला, बँकेचं नाव घातलेलं, गाळ्याचा पत्ता बरोबर. मी तारीख बघितली नाही. बघायची गरजच काय, विमा दर पाडव्याला होतो आणि पाडवा दर वर्षी येतो.

तावातावाने शाखेत गेले. कर्ज विभागात एक तरुण मॅडम बसतात, माझ्यापेक्षा निदान दहा वर्षांनी लहान. त्यांनी पॉलिसी हातात घेतली, हळदीचा डाग अंगठ्याने जरा पुसला आणि म्हणाल्या, ‘‘ताई, ही एकवीस तारखेला संपली. आज अठ्ठावीस.’’

‘‘कसं शक्य आहे? आम्ही दर पाडव्याला विमा काढतो.’’

‘‘आणि यंदा पाडवा कधी आहे?’’

मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं. नऊ एप्रिल. गेल्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. माझ्या आईने जावयाला तेहतीस अनारसे दिले होते, त्यातले वीस तरी मीच खाल्ले होते. अधिक महिना माझ्या पोटात गेला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. पॉलिसी इंग्रजी तारखेने एक वर्ष चालते. पाडवा एरवी दहा-अकरा दिवस आधी येतो, म्हणून जुनी संपायच्या आत नवी व्हायची. अधिक महिन्याच्या वर्षी मात्र तो पुढे सरकतो, आणि मधले अठरा-एकोणीस दिवस माल उघडा.

मॅडमनी जुनी फाइल काढली. तीन वर्षांपूर्वीही असाच खड्डा होता. तेव्हा नूतनीकरण लांबलं होतं, तोवर पाडवा होऊन नवी पॉलिसी हातात आली होती. ‘‘आमच्याकडूनही कुणी पाहिलं नाही,’’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘‘पण मी आता पाहिलंय. चालू पॉलिसी आल्याशिवाय मला प्रस्ताव पुढे पाठवता येणार नाही. उद्या सुट्टी आहे. शनिवारी सकाळपर्यंत आणा.’’

मी भांडायची तयारी करून गेले होते, त्यामुळे फार पंचाईत झाली. भांडायला कारणच उरलं नव्हतं. नव्या मिरचीचे दोन ट्रक निघाले होते, आणि मर्यादा अडकली तर त्यांचे पैसे द्यायला काहीच नव्हतं. पण रिक्षात बसल्यावर मला ट्रक आठवले नाहीत. आठवला तो होळीनंतरचा दुसरा दिवस. शेजारच्या गाळ्यातला विजेचा मीटर तडतडला होता, ठिणग्या उडाल्या होत्या. हमालांनी वाळू टाकली, मिरचीचा खाट उठून सगळे खोकत सुटले आणि नंतर आम्ही चहा पीत हसलो होतो. एक भिंत पलीकडे आमची सगळी पोती होती. त्या दिवशी विमा नव्हता.

विमा एजंट काकांना फोन लावला. ते वैतागूनच म्हणाले, ‘‘अहो, मी पंधरा तारखेलाच आलो होतो. तुमच्या मामंजींनी सांगितलं, पाडव्याला या.’’

‘‘मागच्या तारखेपासून करता येईल का?’’

‘‘गेलेल्या दिवसांचा विमा कुणीच देत नाही. प्रीमियम भराल तिथून पुढे. मधे खंड पडलाय, म्हणजे मालाचे फोटो काढावे लागतील आणि या सात दिवसांत काही नुकसान झालं नाही असं लिहून द्यावं लागेल. मी तासाभरात येतो. पण आधी तुम्ही घरचं बघा.’’

घरचं म्हणजे मामंजी. त्यांनी धंदा पाडव्याला सुरू केला, काटा पाडव्याला घेतला. शुभ काम मुहूर्ताशिवाय करणं त्यांना जमत नाही. आणि हा तर फाल्गुनातला वद्य पक्ष, वर गुरुवारची दुपार, राहुकाळाची वेळ.

मी गाळ्यात शिरून चप्पल न काढताच बोलायला लागले. ‘‘मामंजी, आपला विमा संपलाय. आज काढायचा. पाडवा-बिडवा काही ऐकायचं नाहीये मला. परवा मीटर पेटला तेव्हा आपण उघडे होतो. माझ्या हातून झालं असतं ना हे, तर तुम्ही मला जन्मभर ऐकवलं असतं.’’

त्यांनी चष्मा लावला, खणातून पंचांग काढलं. मला वाटलं, आता राहुकाळ सांगणार. माझा पारा आणखी चढला. पण त्यांनी पाठकोऱ्या कागदावर काहीतरी लिहायला सुरुवात केली. अधिक महिने त्यांना तोंडपाठ आहेत. अधिक श्रावण, अधिक अश्विन, अधिक ज्येष्ठ, अधिक आषाढ, असं मागे मागे जात, बत्तीस वर्षांपूर्वी धंदा आणि विमा सुरू केला त्या वर्षापर्यंत पोहोचले. मग बोटांवर बेरीज केली. तेवढ्यात एजंट काका आले आणि पोत्यांचे फोटो काढायला लागले.

‘‘बारा वेळा,’’ मामंजी म्हणाले. ‘‘अकरा वेळा अठरा-एकोणीस दिवस आणि यंदाचे सात. म्हणजे सात महिने माल उघडा होता, सूनबाई.’’

इतका वेळ रागावले होते, तो राग कुठे गेला कळलं नाही. मी त्यांना पाणी दिलं.

पाणी पिऊन ते एजंट काकांना म्हणाले, ‘‘फोटो नीट काढा. मागची रांगही येऊ दे.’’ ‘नुकसान नाही’च्या पत्रावर त्यांनी स्वतः सही केली, तीही जपून, एकेक अक्षर लावून. मी तिथेच बसून फोनवरून प्रीमियम भरला.

शनिवारी पॉलिसी घेऊन मी शाखेत गेले, तर मामंजीही बरोबर निघाले. मॅडमनी तारीख पाहिली, बँकेचं नाव पाहिलं, पत्ता पाहिला, रक्कम मालाच्या पत्रकाशी ताडून पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘झालं. आजच पाठवते. काका, पुढच्या वर्षी पाडव्याची वाट बघू नका हं.’’

‘‘नाही बघणार,’’ मामंजी म्हणाले. त्यांनी खिशातून पेढ्यांचा पुडा काढून टेबलावर ठेवला. ‘‘सात महिने देवाने आमचा माल फुकट सांभाळला. आता त्याला जरा सुट्टी देतो.’’