पाकिटांचंच काम

लातुरात मी एकटाच डिझाइनची कामं करायचो. क्लासचे फलक, वेबसाइट, लग्नपत्रिका, येईल ते घ्यायचो. त्यामुळे नेमकं कशासाठी मला बोलवायचं, हे कुणाच्या लक्षातच राहत नसे. उदगीरच्या एका डाळमिलसाठी केलेलं डाळीच्या पाकिटाचं डिझाइन छान जमलं, तेव्हा मिलच्या मालकांनाच विचारलं, "आता फक्त डाळमिलवाल्यांची सगळी कामं धरू, का कुठल्याही धंद्याची फक्त पाकिटं करू?"

ते म्हणाले, "खरं सांगू का? माझं पाकीट करणारा माणूस शेजारच्या मिलचंबी करायला लागला, तर मला न्हाई आवडणार. पण पाकीट मसाल्याला लागतंय, हळदीला लागतंय. त्यांची अन् माझी काय स्पर्धा हाय?"

आणि माझ्यासमोरच त्यांनी मुरुडच्या एका मसालेवाल्याला फोन लावून माझं नाव सुचवलं.

मग मी पाकिटंच धरली आणि वेबसाइटच्या कामांना नाही म्हणू लागलो. हळूहळू मसाल्यामागून नांदेडची हळद आली, कंधारचे पापड आले. आता लोक मला 'पाकीटवाले' म्हणूनच ओळखतात. त्या दिवशी मालक गोड बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. त्यांनी मनातलं सांगितलं, याचं मला आजही फार मोल वाटतं.