खोका उघडण्याआधी लिहिलेलं

वीस वर्षं मी पनवेलच्या बाजारात एका छापखान्यात लग्नपत्रिका कंपोज केल्या. वराच्या मामाचं नाव गाळलं तर मामा स्वतः येऊन शंख करायचा. छापलेली चूक हजार घरांत जाऊन बसते, तिथून ती परत आणता येत नाही. मग लोक पत्रिका मोबाइलवर पाठवायला लागले, छापखाना बंद पडला आणि मी धाकट्या दिराच्या मोबाइलच्या दुकानात आले. दुकान नावाला. दिराचा खरा जीव त्याच्या व्हिडिओ चॅनलवर.

दुकानाच्या माळ्यावर त्याने पांढरा पडदा आणि दोन दिवे लावले होते. सकाळी रिक्षांची बोंबाबोंब सुरू व्हायच्या आत तो नवा फोन घेऊन बसायचा आणि खोका असा उघडायचा, जणू आत सत्यनारायणाचा प्रसाद आहे. त्याचं काम हात दाखवण्याचं. व्हिडिओखालचं डिस्क्रिप्शन माझं.

हे डिस्क्रिप्शन कुणी वाचत नाही असं दिराला वाटायचं. पण व्हिडिओ शोधात सापडतो तो शीर्षकावरून आणि खालच्या मजकुरावरून, एवढं त्यालाही कळत होतं. ‘अधिक’वर बोट ठेवायच्या आधी दोनच ओळी दिसतात, म्हणून मॉडेलचं पूर्ण नाव तिथेच. मग व्हेरियंट, म्हणजे रॅम आणि स्टोरेजच्या जोड्या: सहा-एकशेअठ्ठावीस, आठ-एकशेअठ्ठावीस, आठ-दोनशेछप्पन, आणि कोणत्याचं स्टोरेज जुन्या जातीचं म्हणून मंद ते. मग प्रोसेसर, बॅटरी, मेमरी कार्डाची सोय आहे की नाही. व्हिडिओत काय कितव्या मिनिटाला आहे ते, शून्यापासून सुरू करून. आणि शेवटी लोकांचे प्रश्न, लोकांच्याच भाषेत. चॅनलच्या हिशोबात दिसायचं कोण काय टाइप करून आलं: ‘हा घ्यावा की प्रो घ्यावा’, ‘फोर जी आणि फाइव्ह जी में फरक’, ‘गेम खेळताना तापतो का’, ‘बॉक्समध्ये चार्जर मिळतो का’. नुसती शब्दांची रास ओतलेली चालत नाही, म्हणून मी प्रत्येक प्रश्नाखाली एका ओळीत उत्तर द्यायचे. मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. मामा-मावशांची नावं बसवण्यापेक्षा हे बरं.

आता आमची खोड ऐका. विक्री सुरू होते त्याच तासाला व्हिडिओ चढला पाहिजे, नाहीतर मोठी चॅनलं सगळे प्रेक्षक ओढून नेतात. म्हणून मी डिस्क्रिप्शन आदल्या दिवशीच लिहून ठेवायचे, वेळांचे आकडे तेवढे मागून. खोका कुरिअरमध्ये आणि खोक्यातलं सगळं माझ्याकडे लिहून तयार. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. जुन्या व्हिडिओचं डिस्क्रिप्शन उचलायचं, आकडे बदलायचे, राहिलेलं परदेशी साइटवरून भरायचं.

त्या फोनच्या वेळी ‘एनएफसी आहे का’ असं विचारत येणारे बरेच होते. एनएफसी म्हणजे फोन मशीनला टेकवला की पैसे जातात ती सोय. साइटवर ‘आहे’ लिहिलं होतं. मीही लिहिलं: आहे.

पंधरा दिवसांनी आमच्या जुन्या शेजारीण खाला दुकानात आल्या. साठीच्या, उर्दू शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, वाचताना बोट ओळीखाली ठेवणाऱ्या. त्यांचा मुलगा दुबईत कामाला, सुट्टीवर आलेला, परवा परत जाणार. तिथे तो बसचं भाडंही फोन टेकवूनच भरायचा आणि त्याचा जुना फोन मेला होता. खालांनी आमचं डिस्क्रिप्शन वाचून आमच्याच दुकानातून त्याला फोन घेऊन दिला होता. आता मुलगा म्हणत होता, सेटिंगमध्ये अशी सोयच नाही.

मी खालांना स्टुलावर बसवलं आणि फोन हातात घेतला. सेटिंगमध्ये नाव टाकून शोधलं. नाही. मी ती परदेशी साइट पुन्हा उघडली. साइटवर बाहेरच्या देशातला फोन होता. नाव तेच, पण मॉडेल नंबरचं शेवटचं अक्षर वेगळं. आपल्याकडच्या फोनमधून ती सोय काढलेली.

दीर गल्ल्यामागून माझ्या कानाशी आला. “वहिनी, आधी ते बदल. मग बोलू.”

मी मागच्या खोलीत गेले आणि बदललं. ‘आहे’चं ‘नाही’. अर्धं मिनिटही लागलं नाही. लोकांच्या कमेंटमध्ये काही बदललं तर शेजारी तसं लिहून येतं, डिस्क्रिप्शनला तसलं काही नसतं. पत्रिका असती तर हजार घरांत साक्षीदार असते.

बाहेर आले तेव्हा दीर मधाळ आवाजात म्हणत होता, “खाला, बघा ना तुम्हीच. आमच्यात तर साफ लिहिलंय.” उघडलेला, चालू केलेला फोन कुणी परत घेत नाही, आणि त्याला तो घ्यायचा नव्हता.

खालांनी व्हिडिओ पुन्हा उघडला. बोट ठेवून सावकाश वाचलं. ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा वाचलं.

“माफ करा बेटा,” त्या दिराला म्हणाल्या. “नजर दगा देते हल्ली. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय माझं. मीच उलटं वाचलं. पोराला काय सांगू आता.”

आयुष्यभर पोरांना वाचायला शिकवलेली बाई स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास माझ्यासमोर सोडून देत होती, आणि तेही माफी मागून. मला इतकी लाज वाटली की दिराकडे बघवेना.

“खाला, तुमची नजर चांगली आहे,” मी म्हणाले. “तिथे ‘आहे’च लिहिलं होतं. मी लिहिलं होतं. आत्ता आत जाऊन बदलून आले.”

दीर माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच दुकानात चोरी करताना सापडले. एका अर्थाने सापडलेच होते म्हणा.

खाला उठल्या आणि दिराला म्हणाल्या, “ज्यात आहे तो दाखव. आणि आधी सेटिंग उघडून दाखव.” दिराने निमूटपणे दुसरा फोन काढला आणि पहिला परत घेतला. तो फोन पुढे त्याने ‘दोघांत फरक काय’ या व्हिडिओत वापरला. माझा दीर उपाशी मरणार नाही.

मी त्याच दिवशी डिस्क्रिप्शनच्या पहिल्या ओळीत लिहिलं: भारतातल्या या मॉडेलमध्ये एनएफसी नाही, आधी आम्ही चुकून ‘आहे’ लिहिलं होतं. दीर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तेव्हापासून प्रत्येक डिस्क्रिप्शन मी आधी खालांना पाठवते. त्यांनीच मागितलं, मुलगा दुबईला पोचला त्या दिवशी. ऑपरेशन आता झालंय, चष्मा लागत नाही. परवा नव्या फोनचं पाठवलं. व्हेरियंट, बॅटरी, पाण्यात टिकतो का, सगळं चोख. मला वाटलं, या वेळी शाबासकी मिळणार.

पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं: “छान लिहिलंस बेटी. खोका आला का?”

आला नव्हता.