लोगोतल्या मेंढीचा लाल ठिपका

आमच्या नऊ घरांनी मिळून घोंगड्यांचं ऑनलाइन दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा कॉम्प्युटर येणारी माणसं दोनच होती. एक मी, आणि दुसरा माझा नवरा. तो महिन्यातले वीस दिवस मेंढरांमागे रानात असायचा. म्हणजे खरं तर एकटी मीच.

नऊ घरं केज, गेवराई आणि बीड तालुक्यांत विखुरलेली. सगळी एकमेकांची सोयरीधायरी, त्यामुळे जीवही लावायचे आणि जुनी भांडणंही जपून ठेवायचे. लोकर नऊ घरची, सूत नऊ घरच्या बायकांचं, विणणारे चार हात. एकाच नावाखाली माल विकायला सगळे तयार झाले ते एका अटीवर: दुकान कुणा एकाचं दिसता कामा नये. तलवाड्याचे चुलतसासरे तर स्पष्ट म्हणाले होते, "ज्या दिवशी मला वाटलं की ह्ये तुमच्या घरचं हाय, त्या दिवशी माजी घोंगडी म्या उचलून नेणार." त्यांच्याकडे सगळ्यात चांगली काळी लोकर आणि सगळ्यात चांगला माग. ते गेले तर दुकानात दाखवायला उरणार काय?

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांना या सगळ्यात फारसा रस नव्हता. लग्न होऊन मला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरबद्दल बरं-वाईट एक अक्षर काढलं नव्हतं. मी लॅपटॉप उघडला की ते उठून बाहेर जायचे. रागाने नाही, पाहुणी बाई घरात आल्यावर जातात तसे. मला ते फार लागायचं.

दुकानाची साइट बनवायला तयार नमुने मिळतात, त्याला थीम म्हणतात. मी तीन दिवस थीम बघत होते. प्रत्येकीच्या नमुन्यात परदेशी बायका सोफ्यावर बसून कॉफी पीत होत्या, आणि ते सगळं इतकं सुंदर की आपली घोंगडी तिथे घातली तरी तशीच दिसतील असं वाटावं. घातली की कळायचं. एका थीममध्ये सगळं मोठ्या आडव्या फोटोंवर उभं होतं, आमचे फोटो उभे, नवऱ्याने मोबाइलवर काढलेले. घोंगड्याचा मधला तुकडा तेवढा दिसायचा. दुसरीतला फॉन्ट इंग्रजीत नाजूक, पण त्यात मराठी अक्षरंच नव्हती. मग मराठी मजकूर फोनमधल्या साध्या अक्षरांत उमटायचा आणि शेजारी इंग्रजी नखरे करत उभी. शेवटी एक साधी थीम घेतली, मराठी आणि इंग्रजी दोन्ही असलेला जाडसर फॉन्ट लावला, आणि रंगांच्या पानावर आले.

इथे मी चूक केली, आणि ती नकळत केली असं म्हणायची माझी हिंमत नाही.

ज्याने मेंढरं पाळली नाहीत त्याला सांगायला हवं. रानात दोन कळप एकत्र झाले तर वेगळे करता यावेत म्हणून प्रत्येक घर आपल्या मेंढरांवर रंगाची खूण करतं. आमची खूण उजव्या पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांडीच्या वर, लाल गोल ठिपका. तलवाडेकरांची मानेवर निळा पट्टा. नांदूरघाटच्या मावससासूबाईंची पाठीवर हिरवी रेघ. लांबून नुसता रंग दिसला तरी आमच्यातलं कुणीही सांगेल, अमक्याच्या मेंढरांचं खांड चाललंय.

आणि मी लोगोमध्ये काळी मेंढी काढली, तिच्या पुठ्ठ्यावर लाल गोल ठिपका दिला. मग त्याच लाल रंगाची बटणं केली, त्याच रंगाची वरची पट्टी. काळ्यावर लाल उठून दिसतं, हे खरं होतं. पण हेही खरं होतं की ते बघून मामा काहीतरी बोलतील अशी मला आशा होती.

ते बोलले नाहीत. पण मी फोन हातात दिला तर त्यांनी तो उन्हातून सावलीत नेला, डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग शेजारच्या घरी गेले. मग पलीकडच्या. माझा फोन मला तासाभराने परत मिळाला. चार वर्षांत मी इतकी खुश झाले नव्हते. त्याच भरात मी साइट बघण्याची लिंक नऊ घरांच्या ग्रुपवर टाकली. दुकान अजून उघडलं नव्हतं, सगळ्यांनी होकार दिला की उघडायचं होतं.

दोन-तीन अंगठे आले. मग काहीच नाही. ज्या ग्रुपवर सकाळी सहापासून फुलांचे फोटो पडतात तिथे दिवसभर शुकशुकाट. दुपारी तलवाड्याच्या चुलतसासऱ्यांचा आवाज आला, जेमतेम पाच सेकंदांचा: "मेंढरू कुणाचं हाय ह्ये?"

लगेच मावससासूबाईंचा: "धंदा समद्यांचा आन् खूण एकाची? आमी कावून राबायचं मग?" मग ठरलं की गुरुवारी मांजरसुंब्याला, सगळ्यांना मधलं पडेल अशा ढाब्यावर, बसून बोलायचं. बोलायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. मोडायचं.

मधले तीन दिवस मी नीट जेवले नाही. भाकरीचा घास तोंडात फिरायचा. मी थीमची एक प्रत काढून घेतली, म्हणजे बिघडलं तरी मूळ शाबूत राहील, आणि लाल काढून दुसरा रंग शोधायला लागले. निळा तलवाडेकरांचा. हिरवा मावससासूबाईंचा. गेरू एकाचा, जांभळा एकाचा, पिवळा बीडजवळच्या दोघा भावांचा, वाटणी झाली तरी दोघंही तोच लावतात. गुलाबी तरी मोकळा असेल म्हणून नवऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, "माझ्या आत्याच्या घरी गुलाबीच आहे, विसरलीस का?" स्क्रीनवर लाखो रंग आणि एकही बिनमालकाचा नाही. मी रडले, मग स्वतःलाच शिव्या दिल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मेंढीचा ठिपका पुसून टाकावा म्हटलं, तर बिनखुणेची मेंढी म्हणजे चुकलेली मेंढी. ते त्याहून वाईट. मग मेंढीच काढून टाकली. घोंगडं उन्हात अंगणात पसरलं, त्याचा फोटो घेतला आणि फोटोतूनच रंग उचलले: लोकरीचा काळा, तो काळा नसतो, जरा तपकिरी असतो, करडा, आणि काठाच्या रेघांचा मळकट पांढरा. लोगो म्हणून काळा चौकोन आणि काठाला दोन पांढऱ्या रेघा. बारीक केला तरी ओळखू येत होता. मेंढी तर बारीक झाली की डांबराचा थेंब दिसायची. रंग एका ठिकाणी बदलले की बटणं, पट्टी सगळं आपोआप बदलतं. पण लोगो चित्र असतं, ते बदलत नाही; ते वेगळं चढवावं लागतं. ब्राउझरच्या टोकाला दिसणारं छोटं चिन्ह मी विसरलेच होते. बुधवारी दुपारी दिसलं, तिथे लाल ठिपका अजून होता. तोही काढला.

मामांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांच्या तोंडासमोर त्यांचा लाल काढायची माझी छाती नव्हती.

गुरुवारी ढाब्यावर दोन खाटा आणि चार खुर्च्या जोडून सगळे बसले. चहा आला. मी लॅपटॉप उघडून नवं रूप सगळ्यांसमोर ठेवलं आणि म्हणाले, "बघा, आता कुणाचीच खूण नाही."

तलवाड्याच्या चुलतसासऱ्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहत म्हणाले, "ह्ये बरं हाय का वंगाळ, ते नंतर. आदी ह्ये सांग, लाल कावून घातलता?"

मी तीन दिवस तयारी केली होती ती रंगाची. या प्रश्नाची केली नव्हती. काळ्यावर लाल उठून दिसतो, असं म्हणता आलं असतं. पण समोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की काळ्यावर पिवळाही उठून दिसतो. आणि खरं सांगायचं, तर मामांच्या समोर सांगायचं होतं की सासऱ्याने एकदा बरं म्हणावं म्हणून मी नऊ घरांच्या दुकानावर एकट्या आमच्या घरची खूण लावली. मावससासूबाई पदर सावरून उठायच्या बेतात होत्या.

"म्याच सांगितलतं," मामा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ते चहाच्या पेल्यात बघत होते.

"पोरगी नको म्हणत व्हती. म्या म्हणलं, आपला ठिपका घाल. चुकलं माजं."

चार वर्षांत मी त्यांना कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. बाजारातसुद्धा ते मेंढीचं वय वाढवून सांगत नाहीत.

चुलतसासऱ्यांनी मोठ्ठा श्वास सोडला. "तुजंच काम असंल," ते म्हणाले. "ल्हानपणापासून तसाच हायेस बे. खेळायच्या गोट्या समद्यांच्या, आन् पिशवी तुजी." कुणीतरी हसलं. मग मामांना ऐकवायला प्रत्येकाकडे काही ना काही निघालं, वीस-वीस वर्षांपूर्वीचं. मामांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तेवढं झाल्यावर चुलतसासऱ्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि काठाच्या रेघांवर बोट ठेवून म्हणाले, "ह्या रेगा बारीक झाल्यात. आमचा काठ जाड असतो." मी तिथेच लोगोच्या रेघा जाड केल्या आणि पुन्हा चढवला. मावससासूबाई परत बसल्या. नऊच्या नऊ घरांचा होकार घेऊन मी साइट सुरू करायचं बटण दाबलं.

परत येताना जीपमध्ये मी आणि मामा मागच्या बाकावर समोरासमोर होतो. नेकनूर मागे पडलं. मग मी म्हणाले, "मामा, तुम्ही तर काहीच सांगितलं नव्हतं मला."

"न्हाई," ते म्हणाले. "पर समद्या गल्लीला दाखवीत कोण हिंडलं? मीच ना."