फोटोतून यांना कापू नका

मंडळी, आज दुपारी विजयनगरमधल्या आमच्या नेहमीच्या साडीच्या दुकानात गेले होते. दुकानदार शिवण्णांनी हौसेने मोबाईल पुढे केला. गेल्या दसऱ्याला त्यांनीच काढलेला फोटो होता. मी खांद्यावर साडी धरलेली, शेजारी आमचे हे.

"अम्मा, दुकानाच्या नव्या बोर्डावर हा लावू? खाली तुमचं नाव, 'वीस वर्षांचं गिऱ्हाईक' म्हणून."

"शिवण्णा, आधी विचारलंत, बरं वाटलं. पण जाहिरातीत नाव-फोटो नको हो."

"साहेबांना आवडणार नसेल तर त्यांना कापतो. तुमचा एकटीचाच लावतो."

"हे चार महिन्यांपूर्वी गेले, शिवण्णा. फोटोतून तरी यांना कापू नका."

त्यांनी तोंडावर हातच ठेवला. "गोत्तिरलिल्ला अम्मा, मला ठाऊकच नव्हतं."

"तुमची काय चूक? दुकान चांगलंय, हे मी ओळखीच्यांना तोंडाने सांगेनच. बोर्डावर मात्र नको."

त्यांनी फोटो मला पाठवला. बोर्डवाल्याला फोन करून त्याच्याकडे नमुन्यासाठी गेलेला फोटो काढून टाकायला सांगितलं आणि स्वतःच्या मोबाईलमधलाही माझ्यासमोर पुसला. निघताना दारापर्यंत आले, "येत राहा अम्मा" म्हणाले. त्यांना राग आला नाही, याचं समाधान वाटलं.

दिवसभरात असं काही घडलं की घरी येऊन मी आधी यांना सांगायचे. आज दार उघडून हाक मारणार होते. मग इथे लिहायला बसले. तुम्ही कुणाला सांगता?