तिसरा पेला

आरोग्यशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते, आणि तेही घाबरून. परीक्षकांनी साधा प्रश्न विचारला आणि माझ्या हातातला पेला फरशीवर पडला. पाणी त्यांच्या बुटांवर उडालं. पुण्यात डॉक्टरकी शिकणाऱ्या आम्हा मोजक्या मुलींकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असत, त्यामुळे ही गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या वसतिगृहाला तोंडपाठ झाली. माझ्या शिक्षणाचा भार मिशनने उचलला होता. तिथून पत्र आलं, की आणखी एक संधी देऊ, पण ती शेवटची.

मी चिडले होते. मिशनवर नाही, परीक्षकांवरही नाही, स्वतःच्या हातांवर. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जाताना मी ठरवलं, की आता ती पाण्याची चाचणी झोपेतसुद्धा करता आली पाहिजे.

घर म्हणजे पुणतांब्याच्या पुढे, नदीकाठच्या एका गावात वडिलांना मिळालेली दोन खोल्यांची जागा. वडील मिशनच्या शाळेत मास्तर. दौंडला गाडी बदलून मी पोहोचले, तेव्हा गावात पटकीची साथ सुरू झाली होती. जत्रेहून परतलेल्या दोन घरांत जुलाब-वांत्या झाल्या होत्या. गोदावरीचं पात्र आटून नुसती वाळू उरली होती आणि सगळं गाव एकाच मोठ्या विहिरीवर पाणी भरत होतं. आम्ही ख्रिस्ती झालो होतो, तरी त्या विहिरीच्या पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्या. कुणीतरी पोहरा ओढायचं आणि वरून आमच्या घागरीत ओतायचं. लहानपणापासून हेच पाहिलं होतं. राग मात्र दर वेळी नव्याने यायचा.

विहिरीत औषध टाकायला तालुक्याहून सॅनिटरी इन्स्पेक्टर आले होते. पोक्त माणूस, उन्हात रापलेला, बोलायला गोड. त्यांच्याकडे विरंजक पुडीचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा मोठा डबा होता आणि सायकलच्या मागे एक लाकडी पेटी बांधलेली होती. ती पेटी मी लांबूनच ओळखली. सहा पांढरे पेले, एक काळा पेला, चमचा, नळी, क्लोरीन असेल तर पाणी निळं करणाऱ्या द्रावणाची बाटली. त्याच वर्षी नवी आलेली, सीलसुद्धा न फोडलेली.

"तुम्ही ही वापरत नाही?" मी विचारलं.

"बाई, दोन ओंजळी टाकतो आणि पुढचं गाव गाठतो. बारा गावं हायेत माझ्याकडं."

"मला करू द्याल?"

ते हसले. "करा की. तेवढंच माझं काम हलकं."

काळ्या पेल्यात पेटीतल्याच छोट्या डब्यातली पूड चमच्याने सपाट मोजून घेतली, थोडं पाणी घालून कालवली आणि खुणेपर्यंत पेला भरून ती निवळायला ठेवली. सहा पांढऱ्या पेल्यांत विहिरीचं पाणी. पहिल्यात वरच्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहाव्यात सहा. प्रत्येक पेला काचेच्या कांडीने ढवळला. मग अर्धा तास थांबायचं. क्लोरीनला पाण्यातली घाण मारायला वेळ लागतो, आणि घाण मारून जो उरतो तोच आपल्याला हवा असतो. अर्ध्या तासाने प्रत्येक पेल्यात चाचणीचं द्रावण टाकलं. पहिले दोन पेले जसेच्या तसे. तिसरा निळा झाला, पुढचे तीनही; मोजायचा तो पहिला निळा.

मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली. आमच्या वर्गात समज असा होता, की परीक्षेत तिसराच पेला निळा होतो. वरच्या वर्गातल्या मुलांकडून ही शिकवण परंपरेने आलेली. शंका आली की तिसरा लिहून मोकळं व्हायचं. आणि इथे खेड्यातल्या विहिरीतही तिसराच! माझी खात्रीच पटली.

तिसरा पेला म्हणजे शंभर गॅलनला तीन चमचे, सहा ग्रॅम पूड. इन्स्पेक्टरांच्या माणसाने दोरीने विहीर मोजली. व्यास दहा फूट, पाणी आठ फूट. व्यासाला व्यासाने गुणायचं, मग खोलीने, मग पाचाने. चार हजार गॅलन. म्हणजे दोनशे चाळीस ग्रॅम, जवळजवळ एकवीस तोळे. गणित मी वाळूवर काठीने केलं आणि इन्स्पेक्टरांना दाखवलं. त्यांनी मोठ्या डब्यातून एकवीस तोळे पूड तोलली, बादलीत कालवली, चुन्याचा गाळ खाली बसू दिला आणि वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेतली. त्यांच्या माणसाने ती बादली पाण्यात बुडवून वर-खाली, वर-खाली हलवली. पाण्याला एक तास द्यायचा होता. तोही दिला.

पण कुणी प्यायला पुढे येईना. औषधाच्या पाण्याने पोटातलं मूल पडतं, असं कुणीतरी पसरवलं होतं. विहिरीवरच्या एका म्हातारीने पोहरा भरून ओढला आणि तो हातात धरून तशीच उभी राहिली.

"आदी मास्तरला पाजा," ती म्हणाली. "त्यांच्याच पोरीनं औषिद काढलंय न्हवं?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "झालं ना गं नीट?"

"झालं, पपा. तिसरा पेला आलाय."

ते पायरीच्या खाली उभे राहिले, वाकले, ओंजळ पुढे केली. म्हातारीने वरून पाणी सोडलं. ते घटाघट प्यायले, मिशी पुसली आणि म्हणाले, "गोड हाय पाणी."

गोड. तो शब्द मला खटकला. क्लोरीनच्या पाण्याला थोडा तरी वास हवा. मी पोहऱ्यातलं उरलेलं पाणी पांढऱ्या पेल्यात घेतलं आणि त्यात द्रावण टाकलं. काहीच नाही. आणखी थेंब टाकले. पाणी पांढऱ्या पेल्यात स्वच्छ पांढरं दिसत राहिलं. तासानंतरची ही चाचणी पाणी पिण्याआधी करायची असते, ती मी पिऊन झाल्यावर करत होते.

कारण लगेच समजलं. चाचणी मी पेटीतल्या सीलबंद पुडीने केली होती आणि विहिरीत टाकली होती मोठ्या डब्यातली. ती गेल्या साथीपासून उघडी होती, झाकणाला पोचा पडलेला. हवा लागली की या पुडीतला क्लोरीन उडून जातो आणि मागे चुना उरतो. ज्या पुडीने पाणी शुद्ध करायचं, तिचीच चाचणी घ्यायची. हे आम्हाला पहिल्याच तासाला शिकवलं होतं. मी ते वहीत उतरवलं होतं, खाली रेघसुद्धा मारली होती!

"कुणी पिऊ नका!" मी ओरडले. "पाणी अजून शुद्ध झालेलं नाही."

इन्स्पेक्टर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, अशानं लोकांचा इश्वास उडतो. उद्या आनकी टाकू, आज गप ऱ्हावा."

"माझा बाप प्यायलाय ते," मी म्हटलं.

मोठ्या डब्यातली पूड घेऊन मी पुन्हा सहा पेले मांडले. अर्धा तास थांबले. सहाच्या सहा कोरे. ते पाहिल्यावर मात्र इन्स्पेक्टरांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि नव्या डब्यासाठी त्याच दुपारी सायकलवर टांग टाकली. तोवर गावाने पाणी उकळून प्यावं, म्हणून मी दारोदार फिरले. काही दारांतून मला बाहेरूनच परत फिरवलं. मी बाहेरूनच सांगितलं, पण सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डबा आला. या वेळी त्याच पुडीने चाचणी, त्याच पुडीचा डोस आणि तासानंतर पुन्हा निळा रंग. तो नीट दिसल्याशिवाय मी कुणाला घागर भरू दिली नाही. म्हातारी कुरकुरली, पण थांबली.

पटकी लागली असेल तर पाच दिवसांत कळतं. ते पाच दिवस मी वडिलांच्या मागे-मागे होते. ते शाळेत गेले की मी खिडकीत. रात्री कूस बदलली तरी मी उठून बसायची. मीठ-साखरेचं पाणी तयार ठेवलं होतं आणि ते पाहून ते चिडवत, "अगं, मला मारायला निघालीस की जगवायला?" मला हसू येत नव्हतं. सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या आणि तिसरी मागितली, तेव्हा मी चुलीपाशी बसून रडले.

"तू झालं म्हणालीस, म्हणून मी प्यायलो," ते म्हणाले. ते रागावले नव्हते. म्हणूनच ते मला जास्त लागलं.

परीक्षा पावसाळ्यानंतर झाली. तेच टेबल, तेच परीक्षक. या वेळी पेला हातातून सुटला नाही. आम्हा आठ जणांना एकाच डब्यातली पूड आणि एकाच पिंपातलं पाणी दिलं होतं. थेंब टाकले, ढवळलं, अर्धा तास घड्याळाकडे पाहत उभी राहिले. मग द्रावण टाकलं.

सहाही पेले कोरे.

उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. सगळ्यांचे पेले कोरे होते आणि सगळे भराभरा वह्यांत लिहीत होते. शेजारचा मुलगा पुटपुटला, "तिसरा लिही आणि सुटका करून घे." लिहिलं असतं तर कदाचित पास झालेही असते. शेवटची संधी होती. मला पपांची ओंजळ दिसली.

आधी द्रावणच खराब नाही ना ते पाहिलं. पेल्यात पुण्याच्या नळाचं पाणी, ज्यात क्लोरीन असतोच, घेऊन द्रावणाचे थेंब टाकले. फिकट निळं झालं. म्हणजे द्रावण चांगलं होतं. मग ऊर्ध्वपातित पाण्यात, जिथे मारायला घाण नसतेच, काळ्या पेल्यातली निवळी टाकली आणि वर द्रावण. काहीच नाही. मी वहीत लिहिलं, 'पूड निकामी. डोस काढता येत नाही. नवी पूड मिळावी.'

परीक्षकांनी वही वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं. त्यांना माझी आठवण होती, हे त्यांनी बूट मागे घेतले त्यावरून कळलं.

"बाकी सातजणांनी तिसरा पेला लिहिलाय," ते म्हणाले.

"त्यांचे वडील असलं पाणी प्यायलेले नाहीत, सर."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. डबा, ओंजळ, पाच दिवस. ते ऐकत राहिले, मग उठून माझ्या टेबलाशी आले आणि स्वतः थेंब टाकून पाहिले. प्रयोगशाळेच्या शिपायाला बोलावून त्यांनी नवा डबा सर्वांसमोर फोडायला लावला. आठहीजणांना पुन्हा पहिल्यापासून चाचणी करावी लागली. शेजारचा मुलगा माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहत होता.

अर्ध्या तासाने पहिला निळा झाला तो पाचवा पेला.

निकाल लागल्यावर मी घरी कार्ड टाकलं. पास झाल्याचं शेवटी लिहिलं. पहिली ओळ अशी होती: 'पपा, पाचवा पेला आला, आणि या वेळी मी आधी तपासलं.'