माझ्या लॅपटॉपमधली भुतं

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, माझ्या लॅपटॉपमध्ये भुतं राहतात. खर्चाचं ॲप, सहलींची वेबसाइट, सगळी अर्धवट सोडलेली. इथली, आखातातल्या अल् खुवैरमधली नोकरी जाणार होती आणि वसईची नवी कंपनी केलेलं काम दाखवा म्हणत होती.

बायको म्हणाली, "एवढंसं कर, पण संपव."

मग आमच्या इमारतीसाठी एकच पान केलं. गाडीचा नंबर टाकला की ती आडवी लावणाऱ्याला निरोप जातो. रात्रभर भुतं कुजबुजायची, नकाशा घाल, लॉगिन घाल. मी काही घातलं नाही.

घरूनच ऑनलाइन मुलाखत दिली. वसईचे साहेब ते पान बघत असतानाच माझा फोन वाजला. निरोप शेजाऱ्याचा होता, त्याच पानावरून आलेला: आडवी गाडी माझीच होती. मी फोन कॅमेऱ्यासमोर धरला.

साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "अरे, हे पान लोक खरंच वापरतात?"