सासूबाईंचा नवस, माझे तळपाय

शेगावला पायी आम्ही तिघं जाणार होतो. सासूबाई मला आणि नवऱ्याला घेऊन जरीपटका भागातल्या बुटांच्या दुकानात गेल्या. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय सुजतात आणि सकाळी मापात बसलेला बूट वाटेत चावतो. आपल्या लेकाला त्यांनी जाड मोजे घालून बूट चढवायला लावले, अंगठ्यापुढे जागा उरते का ते दाबून पाहिलं. वरून जाळीचेच हवेत, म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. त्याच्यासाठी पटकन वाळणारे कपडेही आणले होते. मला मात्र जाड सुती साडी, भिजली की मांड्या सोलून काढणारी.

मी मागे पट्टा असलेली सँडल उचलली. सासूबाई दुकानभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तुले काहून पायजे वं? तू अनवाणी चालशील. माह्या पोराच्या नोकरीचा नवस हाय."

खडी-चिखलाच्या वाटेवर पाय माझे आणि नवस यांचा! नवरा लेस बांधत राहिला. माझं डोकंच फिरलं. मी सँडल पायात चढवली आणि बाकाखाली सासूबाईंनी काढून ठेवलेल्या चपला उचलून पिशवीत टाकल्या.

"नवस तुमचा आहे ना, आई? मग ह्या आता घरीच ठेवते."